जिनिंगमधला नवा काटा आणि सॉफ्टवेअर: सांगितलेली बचत आणि हाती आलेली बचत

सरकी_ढेप

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या जिनिंग-प्रेसिंगचे हिशेब मी पाहतो. गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आठवड्यात, आम्ही नवा इलेक्ट्रॉनिक काटा, टोकन आणि खरेदीचं सॉफ्टवेअर सुरू केलं. खर्च 16 लाख, शिवाय दरवर्षी देखभालीचे 1 लाख 60 हजार. आता एप्रिल उजाडलाय, खरेदी संपली. गुरुवारी संचालकांची बैठक आहे आणि एकच प्रश्न आहे: विकणाऱ्याने वर्षाला 11 लाख वाचतील असं लिहून दिलं होतं, वाचले का? पुरवठादाराचे शेवटचे 2 लाख अडवून ठेवलेत, त्यामुळे उत्तराला वजन आहे.

त्याच्या कागदावर 11 लाखांची फोड अशी होती. घट पाव टक्क्याने कमी होईल, म्हणजे 42,000 क्विंटल खरेदीवर 105 क्विंटल, 7,000 च्या भावाने 7 लाख 35 हजार. तीन माणसं कमी होतील, दरमहा 14 हजार प्रमाणे सहा महिन्यांचे 2 लाख 52 हजार. आणि दुबार किंवा चुकीचं पेमेंट बंद होईल, त्याचे 1 लाख 13 हजार.

माझा हिशेब असा निघाला. मागच्या हंगामात घट 3.1 टक्के होती, यंदा 2.7. म्हणजे पाव नाही, 0.4 टक्का कमी! यंदा पीक कमी आलं, खरेदी 31,000 क्विंटलच झाली, तरीही 124 क्विंटल वाचले, म्हणजे 8 लाख 68 हजार. अध्यक्ष खूश आहेत. मला मात्र ही रक्कम जरा जास्तच गोड लागते आहे. कुणी असं काम केलं असेल तर बघा.

पाटलाचा_गोठा

अभिनंदन भाऊ! पण एक सांगा, लाभ मंजूर व्हायले किती दिवस लागले? आमच्या गटानं स्मार्ट प्रकल्पात अर्ज केला आहे, अजून काही पत्ता नाही. काट्यासाठी अनुदान भेटते का तुमाले?

सरकी_ढेप

दादा, हा तो लाभ नव्हे. अनुदानाचं काही नाही, यंत्र घेतल्यावर पैसे खरंच वाचले का एवढंच तपासायचंय. अनुदानाचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पाटलाचा_गोठा

असं होय. मग राहू द्या. पण धागा पाहत राहतो, आम्हालेही काटा घ्यायचा आहे.

यंत्रवाला_अकोला

मी अशीच सॉफ्टवेअर बसवून देतो, म्हणून माझ्या बाजूने. 11 लाखांपैकी 8 लाख 68 हजार एका घटीतच आले, वर पगार आणि पेमेंट आहेच. पहिल्याच हंगामात हे झालं! नव्या पद्धतीला माणसं रुळायला हंगाम जातो, पुढच्या वर्षी आकडा आणखी सुधारेल. आणि वेळेचा हिशेब धरला का? पूर्वी एका गाडीची पावती हाताने करायला समजा वीस मिनिटं लागत, आता पाच लागतात. पंधरा मिनिटं गुणिले गाड्या गुणिले तासाचा पगार. ही रक्कम धरलीच पाहिजे.

जुना_काटा

सूतगिरणीत छब्बीस वर्षं ऑडिटमध्ये घालवली, आता अमरावतीला निवांत बसून असतो. ढेपभाऊ, तुमची शंका रास्त आहे.

आधी यंत्रवाल्यांचं. रुळायला वेळ लागतो हे खरं. पण वाचलेली पंधरा मिनिटं तिजोरीत कधी जातात? ज्याचा पगार वाचवायचा होता तो माणूस तुमच्या पगारपत्रकावरून खरंच उतरला तर. तो त्याच खुर्चीत बसून चहा पीत असेल तर वेळ वाचला, पैसा नाही. वाचलेल्या वेळात तो दुसरं उपयोगाचं काम करत असेल तर तेही लिहा, पण पैशाच्या रकान्यात नको. म्हणून विचारतो: तीन माणसं कमी व्हायची होती, झाली किती?

सरकी_ढेप

खरं सांगायचं तर एक. हंगामी कारकून यंदा घेतला नाही. बाकी दोघे कायम आहेत, ते गोदामात गेले. आणि टोकनच्या संगणकावर बसायला एक मुलगी घेतली, दरमहा 13 हजार, सहा महिने.

जुना_काटा

म्हणजे 84 हजार वाचले, 78 हजार नवे लागले. पगाराच्या ओळीत सहा हजार लिहा. 2 लाख 52 हजारांचे सहा हजार.

दुबार पेमेंटचं काय? मागच्या हंगामात झालेली दुबार पेमेंटं परत आली की नाही?

सरकी_ढेप

नऊ झाली होती. सात जणांनी आणून दिले, गावातलेच लोक ते. दोघांचे बुडाले, 38 हजार. यंदा एकही नाही.

जुना_काटा

मग वाचले ते 38 हजार. कागदावरचे 1 लाख 13 हजार हे झालेल्या चुकांची बेरीज होती, बुडालेल्या पैशांची नाही. वसूल झालेला पैसा वाचवण्यासारखा नव्हताच. ही चूक मी दर दुसऱ्या कागदात पाहिली आहे.

आता मुख्य ओळ. घट तुम्ही काढता कशी?

सरकी_ढेप

काट्यावर घेतलेलं एकूण कापसाचं वजन, वजा गाठीतली रुई, वजा सरकी. उरलं ते घट.

जुना_काटा

बरोबर. मग ती उरलेली घट म्हणजे काय काय? कचरा, माती, धूळ, हवेत उडालेला तंतू. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. ओला कापूस घेतला आणि यार्डात, गंजीत सुकला की ते वजन काट्याने नेलं नाही, उन्हाने नेलं. मागच्या हंगामात आणि यंदा ग्रेडरच्या वहीत ओलावा सरासरी किती आहे?

सरकी_ढेप

वही काढली. मागचा हंगाम 10.0 टक्के. मागच्या वर्षी वेचणीच्या वेळेलाच पाऊस आला होता, आठवतं. यंदा 9.6. फक्त 0.4 चा फरक, तेवढ्याने काय होणार?

जुना_काटा

तेवढ्यानेच सगळं होतं. मांडून बघा. 10 टक्के ओलावा म्हणजे 100 किलोत 90 किलो कोरडा माल. प्रेसिंगपर्यंत तो सुकून साडेआठ टक्क्यांवर आला असं धरा. तेव्हा तोच 90 किलो कोरडा माल वजनाला 98.36 किलो भरतो. म्हणजे 1.64 किलो नुसतं पाणी उडालं. यंदा 9.6 टक्के, म्हणजे कोरडा माल 90.4 किलो, साडेआठ टक्क्यांवर तो 98.80 किलो. उडालं 1.20.

फरक 0.44 किलो. तुमची घट कमी झाली 0.4 ने. म्हणजे काटा नसता, सॉफ्टवेअर नसतं, तरीही यंदा घट 2.7 च्या आसपास आलीच असती. ही बचत पावसाने केली, पुरवठादाराने नव्हे.

साडेआठ हा माझा अंदाज आहे, तो 8 धरा की 9, फरक जवळपास तोच राहतो. हातातल्या मीटरचा भरवसा मात्र मला कमी आहे, त्याकडे नंतर येतो.

कापूसवाली_बाई

मी शेतकरी. हे वाचून एक लक्षात आलं. ओल्या कापसाला तुम्ही भावही कमी देता ना? सीसीआयवाले 8 ते 12 टक्क्यांपर्यंतच घेतात आणि ओलाव्याप्रमाणे पैसे कापतात, 12 च्या वर घेतच नाहीत. तुमची कंपनीही ओलावा पाहून दर ठरवते. मग ओल्या कापसाची घट तर तुम्ही आमच्याकडून आधीच वसूल केली! ते पाणी तुम्ही कापसाच्या भावाने घेतलंच नाही, तर 7,000 ने गुणून बचत कशी मोजता?

जुना_काटा

बाई, तुम्ही लाखाचा प्रश्न विचारला. अगदी खरं. दर ओलाव्याप्रमाणे उतरत असेल तर पाण्याच्या घटीला कापसाचा भाव लावता येत नाही. ढेपभाऊ, तुमच्या कंपनीत कपात होते?

सरकी_ढेप

होते, पण ठोकळ. ग्रेडर बघून क्विंटलमागे पन्नास-शंभर कमी करतो. टक्क्याला टक्का असा हिशेब नाही. म्हणजे पाण्याचे पैसे अर्धे देतो आणि अर्धे देत नाही, असं काहीतरी.

यंत्रवाला_अकोला

पण काट्याचं श्रेय सगळंच काढून घेऊ नका. जुन्या काट्यावर हातचलाखी, लिहिण्याची चूक, बंडी काट्याच्या कडेला उभी करणं, हे सगळं बंद झालं. त्याची किंमत नाही?

जुना_काटा

आहे ना. फक्त दाखवा. कमी झालेल्या घटीतून पाणी वजा केल्यावर जे उरतं त्यातच ते दिसलं पाहिजे.

ढेपभाऊ, जुन्या काट्यावर वजन लिहायची पद्धत काय होती? नेमकं सांगा. कितीला किती लिहायचे?

सरकी_ढेप

हे जाहीर लिहायला जरा लाज वाटते, पण लिहितो. जुना काटा पाच-पाच किलो दाखवायचा. 845 आलं की पावतीवर 840. पाचवर संपलं की पाच खाली, ही कट सगळीकडेच चालायची. कुणी आदेश दिला नव्हता, हाताला सवयच होती. नवा काटाही पाचचाच आहे, पण सॉफ्टवेअर वजन थेट काट्यावरून उचलतं, त्यामुळे 845 ला 845 छापतं.

कापूसवाली_बाई

घ्या! आता कळलं. माझ्या 12 क्विंटलच्या गाडीत दरवेळी दोन-पाच किलो कुठे जायचे ते.

जुना_काटा

लाजू नका, यातच खरा हिशेब आहे. निम्म्या गाड्यांचं वजन पाचवर संपतं, म्हणजे गाडीमागे सरासरी अडीच किलो कमी लिहिलं जात होतं. यंदा गाड्या किती?

सरकी_ढेप

3,400 च्या आसपास. छोटा हत्ती, बंड्या, ट्रॅक्टर मिळून गाडीमागे नऊ क्विंटल पडतात.

जुना_काटा

3,400 गुणिले अडीच म्हणजे 8,500 किलो, 85 क्विंटल. 31,000 वर 0.27 टक्का.

आता उलटा विचार करा. पूर्वी खरेदीचं वजनच 0.27 टक्का कमी लिहिलेलं, त्यामुळे घट तेवढी कमी दिसायची. यंदा खरं वजन लिहिलं, तर घट 0.27 ने वाढायला हवी होती. म्हणजे 3.1 मधून पाण्याचे 0.44 वजा, कटीचे 0.27 अधिक, यंदा 2.93 यायला हवी होती. आली 2.7. उरले 0.23.

हे 0.23 म्हणजे 71 क्विंटल, साधारण 5 लाख. हे काट्याचं आणि सॉफ्टवेअरचं असू शकतं. आता यंत्रवाले म्हणतील, बघा, पाव टक्का सांगितला होता, आलाच की.

यंत्रवाला_अकोला

म्हणणारच. आलाच की!

जुना_काटा

आलाच की नाही ते सांगतो. यात कचरा दोन्ही वर्षी सारखाच होता असं मी धरलंय. आणि ओलाव्याचा मीटर. तो नाडीवैद्यासारखा आहे, कापूस सैल खुपसला की कमी दाखवतो, दाबला की जास्त. दोन वर्षांच्या सरासरीत 0.2 चा फरक नुसत्या हाताने पडू शकतो. मग हे 0.23 उरतं की नाही? तुमची वही साधी सरासरी काढते की मोठ्या गाडीला जास्त वजन देते, तेही पाहायला हवं. त्यामुळे या ओळीत एक आकडा लिहू नका. ‘शून्य ते 5 लाख, मोजमाप अपुरं’ असं लिहा.

आणि एक मोठी गोष्ट. ते 85 क्विंटल कंपनीने गमावले, 6 लाखांचे. पण ते शेतकऱ्यांना मिळाले, आणि तुमचे सभासद शेतकरीच आहेत.

खातेवही_चांदूर

मी एका पतसंस्थेत आहे, आमचं वेगळं सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे सगळं संगणकावर आलं. कागद वाचेल म्हणाले होते. आता पावती छापतो, मग वरच्यांसाठी पुन्हा छापतो, मग संगणक बंद पडला तर म्हणून तिसरी वही हातानेच. टोनरचा खर्च कागदापेक्षा जास्त. तुमच्याकडे छपाईचा खर्च धरला का?

आणि दुसरं, आमच्या सवयीचं. तुमच्या कंपनीचं कॅश क्रेडिट आहे का? पेमेंट लवकर होतं का आता?

सरकी_ढेप

छपाई किरकोळ आहे, सोडा. पेमेंट मात्र हो, पूर्वी आठ दिवस लागायचे, आता तिसऱ्या दिवशी खात्यात. शेतकरी यावरच सगळ्यात जास्त खूश आहेत.

खातेवही_चांदूर

तेच. तुमची खरेदी 31,000 क्विंटल, 7,000 भाव, म्हणजे 21 कोटी 70 लाख. ते सगळे पैसे पाच दिवस आधी गेले. कॅश क्रेडिटला 10 टक्के धरले तर पाच दिवसांचं व्याज जवळपास 3 लाख. ती ओळ तुमच्या कागदात आहे का?

सरकी_ढेप

नाही. डोक्यातच आली नव्हती. यंदा व्याज वाढलं होतं खरं, मी कापसाच्या भावाला दोष देत होतो. तपासतो.

पाटलाचा_गोठा

राजेहो, मी इतका वेळ वाचून राह्यलो. म्हणजे काटा घेतला तं तोटाच काय? 16 लाख घालून व्याज वाढवायचं? मले तं काही समजलं नाही.

कापूसवाली_बाई

तोटा कंपनीच्या वहीत, दादा. आमच्या वहीत नाही. पूर्वी सकाळी गाडी नेली की रात्री नऊ वाजता सुटायची, गाडीवाल्याला दिवसभराचं भाडं आणि वर खोटीचे पैसे. यंदा टोकनने दोन तासांत मोकळी. हे कंपनीच्या कुठल्या ओळीत आहे? सांगायचं असेल तर तेही सांगा बैठकीत.

यंत्रवाला_अकोला

बाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण पुरवठादाराने ते लिहून दिलं नव्हतं हेही खरं. आम्ही विकायला जातो तेव्हा संचालक फक्त ‘आमच्या पैशाचं काय’ एवढंच विचारतात, म्हणून आम्ही घट आणि पगार लिहितो. मी स्वतः तीन माणसं कमी होतील असं लिहिलंय पूर्वी. ते कुणी कधी कमी करत नाही हे मलाही माहीत होतं.

जुना_काटा

प्रामाणिक बोललात. मग पुढच्या कागदात प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहा: ही बचत कोण करून दाखवणार. पगाराच्या ओळीपुढे व्यवस्थापकाचं नाव असतं तर त्या दोन कायम माणसांचा प्रश्न ऑक्टोबरातच निघाला असता.

ढेपभाऊ, एक अजून, लहानसंच. गाठींचं वजन प्रत्यक्ष घेता की सरसकट 170 किलो धरता? दोन्ही वर्षी?

सरकी_ढेप

प्रत्यक्ष. पॅकिंग लिस्टला प्रत्येक गाठीचं वजन लागतंच. तरी बघतो.

सरकी_ढेप (शुक्रवार)

बैठक झाली. मी असं मांडलं: पगारात सहा हजार, पेमेंटच्या चुका 38 हजार, घट शून्य ते 5 लाख. उलट बाजूला देखभाल 1 लाख 60 हजार आणि लवकर पेमेंटचं व्याज साधारण 3 लाख, आणि कट बंद झाल्याने सुटलेले 6 लाख. शेजारी वेगळा कागद ठेवला, सभासदांना काय मिळालं: पूर्ण वजन, तिसऱ्या दिवशी पैसे, गाडीची खोटी नाही.

अध्यक्ष थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एका संचालकांनी विचारलं, कट परत सुरू केली तर? त्याला बाकीच्यांनीच गप्प केलं, कारण ते स्वतः कापूस घालतात. पुरवठादाराचे 2 लाख द्यायचे ठरले, पण पुढचं मॉड्यूल घ्यायचं नाही, निदान येत्या हंगामात ओलावा नीट मोजेपर्यंत. आठवड्याला दहा गाड्यांचा नमुना भट्टीत वाळवून मीटरशी ताडून बघणार. व्याजाचा हिशेब बँकेच्या उताऱ्यावरून काढायला सांगितलाय, 3 लाख हा अजून कागदावरचाच आकडा आहे.

आणि जुना_काटा, तुमचा तो लहानसा प्रश्न. पॅकिंग लिस्टा काढल्या. मागच्या वर्षी जानेवारीत प्रेसचा गाठीचा काटा तीन आठवडे बंद होता. त्या काळातल्या जवळजवळ 2,000 गाठींपुढे सरळ 170, 170, 170 लिहिलंय. त्यांची खरी वजनं आता कळायची नाहीत. गाठीमागे दोन किलो जरी इकडचं तिकडे असेल तर मागच्या वर्षीची 42,000 क्विंटलवरची घट 0.1 टक्क्याने हलते, आणि कोणत्या बाजूला तेही सांगता येत नाही.

जुना_काटा

मग 3.1 चं 3.1 तरी कुठे राहिलं. रुई विकली तेव्हा घेणाऱ्याच्या काट्यावरचं वजन बिलावर असेल, ते शोधा. ट्रकनिहाय मिळेल, त्यावरून त्या गाठींची सरासरी काढता येईल.

सरकी_ढेप

फायली गोदामात आहेत, वरच्या माळ्यावर. त्या दोघांना लावतो कामाला.